पहिलं पाणी

अजरखचा नवा दुपट्टा पहिल्यांदा पाण्यात घातला की पाणी निळं होतं. ते पाहून बहुतेकांच्या पोटात गोळा येतो. ‘रंग जातोय, फसवलं आपल्याला,’ असं वाटतं आणि मग घाईघाईने कुणी मूठभर मीठ टाकतं, कुणी व्हिनेगर, कुणी तुरटीचा खडा फिरवतं. मीही हे केलं आहे. माझा पहिला अजरख दुपट्टा मी आत्याच्या सांगण्यावरून रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजत ठेवला. सकाळी पाणी बऱ्यापैकी स्वच्छ दिसत होतं, म्हणून समाधान वाटलं. दुपट्टा उलगडला तेव्हा त्यातल्या पांढऱ्या चांदण्या निळसर-करड्या झाल्या होत्या. त्या पुन्हा कधी पांढऱ्या झाल्या नाहीत.

त्या रात्री बादलीत नेमकं काय झालं, हे मला पुढे ठशांच्या छपाईची कृती समजून घेतल्यावर कळलं. या प्रकरणात तेच सांगायचं आहे. पहिल्या धुण्याने रंग पक्का होत नाही. पक्का व्हायचा तो कारागिराच्या हातून झालेला असतो. पहिल्या धुण्याचं काम एवढंच की जो रंग धाग्याला धरलेलाच नाही, तो कापडाच्या दुसऱ्या भागावर बसायच्या आत बाहेर काढून टाकायचा.

तीन रंग, तीन गाठी

उदाहरण म्हणून अजरखच घेऊ, कारण त्यात नैसर्गिक रंगाईच्या तिन्ही मुख्य पद्धती एकाच कापडावर भेटतात. कच्छमधली अजरख प्रामुख्याने खत्री कारागिरांची. त्यांचे पूर्वज सोळाव्या शतकात सिंधमधून कच्छमध्ये आले आणि सारण नदीकाठच्या धमडका गावी वसले. 2024 मध्ये कच्छी अजरखला भौगोलिक मानांकनही मिळालं.

कोरं सुती कापड आधी सोडा, एरंडेल आणि शेणाच्या मिश्रणात मळून, वाळवून, धुऊन त्यातली खळ आणि तेलकटपणा काढतात. मग ते हिरड्याच्या पाण्यात बुडवतात. हा आपल्या सह्याद्रीतलाच हिरडा, जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत आदिवासी गोळा करतात तो. हिरड्यातलं टॅनिन सुती धाग्याला चिकटतं आणि कापडाला फिकट पिवळी झाक येते. नुसतं सूत रंग धरायला फारसं राजी नसतं. टॅनिन त्याला धरण्याजोगं बनवतं.

त्यानंतर ठसे. जिथे पांढरं राहायला हवं तिथे चुना आणि डिंक यांचा लेप ठशाने उठवतात. जिथे काळं हवं तिथे लोखंडाचं पाणी लावतात. लोखंडाचे जुने तुकडे आणि गूळ पाण्यात कित्येक दिवस आंबवून ते करतात आणि चिंचोक्याच्या पिठाने दाट करतात. हे लोखंड हिरड्याच्या टॅनिनला भेटताक्षणी कापडावर काळं उमटतं. जिथे लाल हवं तिथे तुरटीचा लेप जातो. तुरटीला स्वतःचा रंग नाही, पण पुढे मंजिष्ठेच्या किंवा अलिझरिनच्या उकळत्या पाण्यात कापड घातलं की तुरटी असेल तिथेच लाल रंग घट्ट बसतो. तुरटी आणि लोखंड यांना म्हणूनच रंगबंधक म्हणतात. एका हाताने धागा आणि दुसऱ्या हाताने रंग धरायचा, हे त्यांचं काम.

निळ्याची गोष्ट वेगळी. नीळ पाण्यात विरघळतच नाही. कुंडात आंबवून किंवा रसायनाने तिचं क्षपण केलं की ती विरघळते आणि हिरवट-पिवळी दिसते. कापड त्यात बुडवून वर काढलं की हवा लागून डोळ्यांदेखत हिरव्याचं निळं होतं. म्हणजे नीळ धाग्याच्या आत शिरते आणि तिथेच पुन्हा घट्ट होऊन अडकते. तिला कोणी बंधक धरून ठेवलेलं नसतं. जे कण आत अडकले ते वर्षानुवर्षं राहतात आणि जे नुसते वर बसले ते घासले की निघतात.

आता बादलीतलं निळं पाणी कसलं ते कळेल. ते वर बसलेले निळीचे कण असतात. त्यात थोडा डिंक, थोडं जादा टॅनिन आणि कुठे न धरलेला लाल रंगही असतो. हे पाणी एका काचेच्या ग्लासात काढून रात्रभर हलवू नका. नीळ असेल तर सकाळी तळाशी बराचसा निळा गाळ बसलेला दिसेल. विरघळणारा कच्चा रंग असेल तर पाणी सरबतासारखं वरपासून खालपर्यंत एकसारखं रंगीत राहील. नीळ आणि कच्चा रंग ओळखायची याहून सोपी घरगुती परीक्षा मला माहीत नाही.

मीठ का नको

मिठाचा उपाय कुठून आला, तेही पाहण्यासारखं आहे. काही कृत्रिम रंगांनी सूत रंगवताना कुंडात मीठ खरोखरच घालतात. मीठ त्या रंगाला पाण्यातून हुसकावून धाग्याकडे ढकलतं. पण ते रंगवण्याच्या वेळचं काम. धुताना मीठ घातलं तर सुटा झालेला असा रंगही पुन्हा कापडाकडेच ढकलला जातो. पाणी स्वच्छ दिसतं आणि आपल्याला रंग पक्का झाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात तो पुढच्या धुण्यात सुटायला मोकळाच राहतो. नीळ तर पाण्यात विरघळलेलीच नसते, त्यामुळे तिच्यावर मिठाचा काहीच इलाज चालत नाही. माझ्या दुपट्ट्याचं नुकसान रात्रभर भिजवण्याने झालं. सुटलेले कण सगळी रात्र चांदण्यांवर बसत राहिले.

तुरटीचं पाणी त्याहून धोक्याचं, कारण तुरटी म्हणजे लाल रंगाचा बंधक. कापडाच्या पांढऱ्या-पिवळसर भागात हिरड्याचं टॅनिन थोडंफार उरलेलं असतं. तिथे तुरटी पोचली आणि पाण्यात सुटा लाल रंग असला, तर तुरटी त्याला तिथेच धरून बसवू शकते. मग गुलाबी झालेली जागा साध्या धुण्याने निघत नाही, कारण आपणच ती रीतसर रंगवलेली असते.

व्हिनेगर आणि लिंबू ही आम्लं. हिरडा आणि लोखंड यांचा काळा रंग आम्लाने सुटतो. अजरखच्या किंवा बगरू छपाईच्या काळ्या रेघेवर लिंबाचा थेंब पडून वाळला तर तिथे तपकिरी-पिवळा डाग उरतो. जेवताना सांडलेलं आमसुलाचं सार किंवा चिंचेची चटणी म्हणूनच लगेच साध्या पाण्याने धुवावी.

आणि धुण्याची पावडर? तिच्यात बहुधा सोडा असतो, म्हणजे ती आम्लाच्या उलट, अल्कधर्मी. तिच्यामुळे मंजिष्ठेचा उबदार लाल जांभळटपणाकडे झुकतो आणि हळदीची छटा असेल तर ती लालसर होते. हे आपल्याला नवं नाही. हळदीला चुना लागला की ती कुंकवासारखी लाल होते, तीच ही गोष्ट. याच गुणाचा उपयोग करून घरातला साबण तपासता येतो. पांढऱ्या कागदावर ओल्या हळदीचा पट्टा ओढून वाळवा आणि त्यावर साबणाच्या पाण्याचा थेंब टाका. पट्टा विटकरी-लाल झाला तर तो साबण या कापडासाठी नाही. पिवळाच राहिला तर चालेल.

थोडक्यात, काळ्याला आम्ल सोसत नाही, लालला सोडा सोसत नाही आणि निळ्याला घासणं सोसत नाही. तिघांनाही चालेल असा मार्ग एकच उरतो. भरपूर साधं पाणी, सौम्य साबण आणि घाई.

अर्ध्या तासाचं धुणं

अडीच मीटरचा एक दुपट्टा धुऊ. दिवसा धुवा, म्हणजे पाण्याचा रंग नीट दिसतो. दुपट्टा एकटाच धुवायचा, दुसरं काहीही सोबत नाही. 15-20 लिटरची प्लास्टिकची बादली पाण्याने जवळजवळ भरून घ्या. नळाचं साधं, न तापवलेलं पाणी. बोअरचं पाणी बादलीत राहून तांबूस डाग पाडत असेल तर ते वापरू नका, त्यात लोह आहे. त्याचं कारण पुढे येईलच.

दुपट्ट्याची घडी पूर्ण मोडून तो पाण्यात सोडा आणि हाताने खालीवर करत राहा. दोन-तीन मिनिटं तो एका जागी थांबता कामा नये. कारागीरही छपाईनंतर कापड वाहत्या पाण्यात धुताना असंच करतात. सुटा रंग आणि लेप पाण्याबरोबर पुढे जावा, पांढऱ्यावर थांबू नये म्हणून कापड सतत हलतं ठेवतात. आपल्याकडे नदी नाही, म्हणून आपण पाणी बदलत राहायचं. दोन-तीन मिनिटांनी कापड उचला, निथळू द्या, पाणी फेका, नवं भरा. पहिलं पाणी गडद निळसर असेल, दुसरं त्याहून फिकट. तिसऱ्या-चौथ्या वेळी बादलीचा तळ स्पष्ट दिसू लागला की या टप्प्याचं काम झालं.

आता साबण. रिठा सगळ्यांत भरवशाचा. आठ-दहा रिठ्यांच्या बिया काढून साली आदल्या रात्रीच अर्धा लिटर कोमट पाण्यात भिजत घाला, सकाळी कुस्करा आणि फडक्यातून गाळून घ्या. गाळलेलं पाणी बादलीभर पाण्यात मिसळा. रिठा नसेल तर हळदीच्या परीक्षेत उतरलेला, लोकरी कपड्यांसाठी मिळतो तसा द्रव साबण एक चमचा पुरे. त्यात दुपट्टा पाचेक मिनिटं हलवा. ब्रश नको, दगडावर आपटणं नको आणि कापडावर कापड चोळणंही नको. मग पुन्हा दोन-तीन साध्या पाण्यांतून काढा, हाताला बुळबुळीत लागणं थांबेपर्यंत.

पिळू नका. दोन्ही हातांत दाबून पाणी काढा किंवा जुन्या पंच्यात गुंडाळून दाबा आणि लगेच उलगडा. ओल्या दुपट्ट्याचा बोळा दहा मिनिटं जरी बादलीत पडून राहिला तरी निळ्या भागावर टेकलेला पांढरा भाग डाग घेऊ शकतो. इतकं नीट धुतलेलं कापड बहुतेक वेळा इथेच बिघडतं. शेवटी उलटी बाजू वर करून, एकेरी पसरून सावलीत वाळत घाला. सुती किंवा प्लास्टिकची दोरी चालेल, गंजकी तार नको.

गंज का नको, याचं उत्तर धमडक्याच्या इतिहासात आहे. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपाने कच्छ उद्ध्वस्त झालं. धमडक्यातली घरं पडलीच, शिवाय तिथलं पाणीही बदललं. त्यात लोहाचं प्रमाण वाढलं आणि हिरड्यात रंगवलेलं कापड त्या पाण्यात काळपटू लागलं. ज्या रसायनाने काळी रेघ उमटते तेच आता नको तिथे घडू लागलं. म्हणून अनेक खत्री कुटुंबांनी भुजजवळ नवी जागा शोधली आणि अजरखपूर हे गाव वसवलं. पाण्यातल्या लोहापायी माणसांनी गाव बदललं. आपल्या गॅलरीतली गंजकी तार किंवा लोहाचं बोअरचं पाणी तेच काम लहान प्रमाणात करतं. हिरड्याच्या कापडावर गंजाचा ओला ओरखडा पडला की काळी-करडी रेघ उमटते आणि ती काढायला आम्ल लावावं तर नक्षीतला काळाही जातो.

बिघडलं तर

वाळवण्यापूर्वी पांढऱ्यावर निळी झाक दिसली तर थांबू नका. कापड ओलं असतानाच पुन्हा भरपूर पाण्यात, थोड्या द्रव साबणासह हलवा. नुसते बसलेले कण ओले असताना निघतात, वाळल्यावर चिवट होतात. ब्लीच मात्र कधीही नको. त्याने डागाबरोबर नक्षीतली नीळही जाते.

पाचव्या-सहाव्या पाण्यातही पहिल्याइतकाच गडद रंग येत असेल आणि ग्लासातलं पाणी सकाळी सरबतासारखंच दिसत असेल, तर तो रंग धाग्याला धरलेलाच नाही. त्याला घरात काही उपाय नाही. कापड परत करता येत असेल तर करा. ठेवायचं असेल तर ते कायम वेगळं धुवा आणि फिकट कपड्यांवर घालू नका.

निळ्या कापडाचा कोरडा रंग पहिले काही दिवस मानेला किंवा पांढऱ्या ब्लाउजला थोडा लागणं हा मात्र दोष मानू नये. तो निळीचा स्वभाव आहे. दोन-चार धुण्यांनंतर ते कमी होतं.

दुकानात काय पाहावं

हे सगळं ठाऊक असलं की खरेदी सोपी होते. आधी कापडाची उलटी बाजू पाहा. ठशाने उठवून रंगाच्या पाण्यात उकळलेल्या कापडात रंग धाग्याच्या आरपार जातो, मागची बाजू पुढच्याहून थोडीच फिकट असते. उत्तम अजरख तर दोन्ही बाजूंनी छापतात. मागे जवळजवळ पांढरं आणि पुढे हाताला किंचित कडक, रबरी थर लागत असेल, तर ती चिकटद्रव्यात कालवलेल्या रंगाची छपाई आहे. ती वाईट असतेच असं नाही, पण ती नैसर्गिक रंगाई नव्हे आणि तिला तो भाव देऊ नये.

मग ठशांचे सांधे शोधा. एक ठसा संपून दुसरा सुरू होतो तिथे रेघ केसभर पुढेमागे होते, कुठे दाब कमी पडलेला असतो. हात हलतो, त्यामुळे दोन ठसे तंतोतंत सारखे पडत नाहीत. मीटरमागून मीटर एकही फरक नसेल तर ते यंत्राचं किंवा स्क्रीनचं काम समजा.

एक ओला पांढरा रुमाल बरोबर ठेवा. विक्रेत्याची परवानगी घेऊन काळ्यावर, लालवर आणि निळ्यावर तो हलक्या हाताने दहा वेळा फिरवा. निळ्याने थोडा डाग दिला तर चालेल. लाल-काळ्याने भरपूर दिला तर ते घेऊ नका, कारण नीट धुतलेल्या अजरखमधले हे दोन रंग कधीच उकळत्या पाण्यातून तरून आलेले असतात.

शेवटी विचारा, लाल कशाचा? उत्तर ‘अलिझरिन’ आलं तर दचकू नका. अलिझरिन हा मंजिष्ठेच्या कुळातल्या वनस्पतींच्या मुळांत आढळणारा लाल रंगद्रव्याचा रेणू. 1868-69 मध्ये तो प्रयोगशाळेत तयार झाला आणि आज अनेक कारागीर तो वापरतात. कृत्रिम निळीचंही तसंच. तिचं मोठं उत्पादन 1897 मध्ये जर्मनीत सुरू झालं, पण रेणू झाडातल्या निळीचाच. धुण्याचे नियम दोघांना सारखेच लागू पडतात. फरक प्रामाणिकपणाचा आहे. अलिझरिन वापरून मंजिष्ठा सांगणारा विक्रेता इतरही गोष्टी सांगेल. हिरव्याबद्दल मात्र आधीच जाणून असा. तो निळीवर डाळिंबाच्या सालीचा किंवा हळदीचा पिवळा चढवून होतो. हळद उन्हात लवकर विटते, म्हणून असा हिरवा काही वर्षांत निळसर होत जातो. कितीही जपून धुतलं तरी ते टळत नाही. हिरवं घेताना हे मान्य करून घ्या.

कपडा शिवायचा असेल तर लांबीचा हिशेब करा. सुती कापड पहिल्या धुण्यात साधारण 3 ते 5 टक्के आटतं. 4 टक्के धरले तर अडीच मीटरमधले 10 सेंटिमीटर जातात. शिंप्याला पुरे अडीच मीटर हवं असेल तर 2.65 मीटर घ्या. आणि धुऊन, वाळवून, उलट्या बाजूने इस्त्री करून मगच त्याच्याकडे द्या. अस्तर लावायचं असेल तर तेही धुतलेलं हवं. न धुतलेल्या निळ्या कापडाला पांढरं अस्तर शिवलं तर पहिल्याच धुण्यात ते निळं होतं आणि तेव्हा कापड वेगळं करून धुता येत नाही.

कापड घरी आणलं की ते कपाटात ठेवण्यापूर्वी, शिंप्याकडे नेण्यापूर्वी आणि एकदाही अंगावर घालण्यापूर्वी धुवा. मीठ नको, तुरटी नको, रात्रभर भिजवणं नको. सहा ते आठ बादल्या साधं पाणी, आठ-दहा रिठे आणि अर्धा तास एवढं पुरतं.